पावसातलं गाणं शोधायचं: दृश्य टाइप करून की काळ धरून?

गाण्याचे बोल आठवत नाहीत, फक्त दृश्य डोळ्यापुढे आहे, अशा वेळी दोन रस्ते असतात. एक म्हणजे यूट्यूबवर 'पावसात भिजणारे हिरो-हिरॉईन, जुनं गाणं' असं टाकून बघायचं. दुसरा म्हणजे आधी काळ पक्का करायचा, मग नटाच्या चित्रपटांच्या यादीतून एकेक नाव खोडत जायचं.

पहिला रस्ता सोपा आहे, हे मान्य. गाणं फार गाजलेलं असेल तर दोन मिनिटांत काम होतं. पण व्हिडिओच्या नावात मुखडा, चित्रपट, नट आणि गायक एवढंच लिहिलेलं असतं, दृश्य क्वचितच. त्यामुळे ज्या गाण्याच्या बोलात 'सावन' किंवा 'बरसात' आहे तेच वर येतं. 'आराधना'मधलं (१९६९) 'रूप तेरा मस्ताना' पावसाळी रात्रीतलं आहे, पण बोलात पाऊस नाही. असं एखादं कमी ऐकलेलं गाणं शोधायचं असेल तर तीच ठरावीक पाच-सहा गाणी, त्यांचे रिमिक्स आणि तासाभराचे ज्यूकबॉक्स समोर येत राहतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तर दृश्यच नसतं, पोस्टर लावून नुसता आवाज सोडलेला. आपल्याकडे तर दृश्यच आहे, ताडून कशाशी बघणार? गावातल्या रेंजवर असा व्हिडिओ उघडेपर्यंत चाक फिरत राहतं ते वेगळंच. माझा कौल फिरवला तो या एका कटकटीने.

दुसऱ्या रस्त्याला वेळ लागतो आणि काळ चुकला तर सगळंच चुकतं. आपल्याकडे तो चुकतो तो दोन कारणांनी. पहिलं, पाहिल्याचं वर्ष. यात्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये जुनेच चित्रपट यायचे, म्हणून '८५ साली पाहिलं म्हणजे चित्रपट '८५चा किंवा त्याआधीचा, एवढंच ठरतं. दुसरं, रंग. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं, पण खेड्यातले कृष्णधवल टीव्ही त्यानंतरही बरीच वर्षं चालले. त्यावर पाहिलेलं सत्तरच्या दशकातलं रंगीत गाणंही आठवणीत काळं-पांढरंच राहतं. उलटंही होतं: 'नया दौर' १९५७चा, पण २००७ साली तो रंगवून पुन्हा आला. म्हणून रंगावर भरवसा ठेवू नये.

आवाज त्यापेक्षा बरा. मुकेश १९७६ साली गेले, रफी १९८० साली, किशोर १९८७ साली. आवाज ओळखता आला की वरची हद्द मिळते. आधी रेकॉर्ड झालेली गाणी नंतर पडद्यावर आली असतील, म्हणून दोन-चार वर्षं सूट ठेवायची. त्यानंतर कपडे बघायचे. बेलबॉटम असेल तर सत्तरचं दशक धरायला हरकत नाही.

आता एक उदाहरण. आठवण एवढीच: सुटातला अमिताभ आणि साडीतली नायिका मुंबईच्या रस्त्यांवर, समुद्राकाठी भिजत चालले आहेत, आवाज बाईचा. इथे आठवण सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: "काकाजी, गाणं सुरू असताना हिरो-हिरॉईन तोंड हलवते का जी?" उत्तर 'नाही, नुसते फिरतात' असं आलं की गाणं पार्श्वभूमीवरचं आहे. मागे नाचणाऱ्यांची रांगही नाही, पाऊस सेटवरचा वाटत नाही, म्हणजे मारधाडीचा मसालापट बहुधा नाही. अमिताभ 'जंजीर'पासून, म्हणजे १९७३पासून, मोठा नायक झाला. म्हणून १९७३ ते १९८० एवढा तुकडा घ्यायचा. विकिपीडियावर त्याच्या चित्रपटांच्या यादीत या वर्षांतले मारधाडीचे आणि अनेक नायकांचे चित्रपट खोडले की थोडेच उरतात. त्यात बासू चटर्जींचा 'मंझिल' (१९७९) आहे, नायिका मौसमी चटर्जी. त्यातलं गाणं 'रिमझिम गिरे सावन'.

पण काम इथे संपत नाही. हे गाणं चित्रपटात दोनदा आहे. किशोरचं घरात, बैठकीत हार्मोनियमसोबत. लताचं बाहेर, पावसात. आधी किशोरचं उघडलं तर 'हे ते नव्हे' म्हणून माणूस परत फिरतो. म्हणून चित्रपट सापडला तरी गाण्यांची पूर्ण यादी बघायची आणि बाईच्या आवाजातलं लावायचं.

वरातीच्या गाण्यांना मात्र हाच रस्ता जरा जपून वापरावा लागतो. आपल्या वरातीत बँडवाले 'बहारों फूल बरसाओ' ('सूरज', १९६६) आणि 'ये देश है वीर जवानों का' ('नया दौर') हमखास वाजवतात. पडद्यावर मात्र दोन्हींत वरात नाही. घोडा, नवरदेव आणि बँड गावातल्या रस्त्यावरचे, गाणं वेगळ्याच प्रसंगाचं, आणि आठवणीत दोन्ही एक होतात. म्हणून नवरदेवाचा चेहरा पडद्यावर पाहिल्याचं नक्की आठवत असेल तरच दृश्य धरायचं. नाहीतर दृश्य सोडून चाल गुणगुणून एखाद्या जुन्या बँडमास्तरला विचारलेलं बरं. या एका कामात तो यादीपेक्षाही लवकर सांगतो.

गाणं गाजलेलं आहे अशी खात्री असेल तर आधी खुशाल टाइप करून बघा. पण दोन-तीन वेळा तीच गाणी फिरून आली की तिथे डेटा जाळत बसू नये, वही काढून वर्षं लिहायला घ्यावीत.