फिकट, थकलेल्या चेहऱ्यावर ब्रॉन्झर घ्यावं की वॉर्म ब्लश? दोन्ही गालांवर लावून बघितलं

आधी माझा चेहरा सांगते, म्हणजे तुमच्याशी जुळतो का ते बघता येईल. गोरी आहे पण गुलाबी गोरी नाही, पिवळट फिकट. आठवडाभर नाइट शिफ्ट झाली की डोळ्यांखाली निळसर काळं येतं आणि जो भेटेल तो "बरं नाहीये का गं?" विचारतो. यावर उपाय म्हणून मी आधी ब्रॉन्झर घेतलं, आणि बहिणीच्या साखरपुड्याला पिवळ्या बल्बच्या आरशात बघून ते मस्त फासून गेले. तिथे मांडवाबाहेर उन्हात आत्या म्हणाली, "कपाळाला गेरू लावलायस का गं?"

नंतर एका रविवारी नीट टेस्ट केली. खिडकीपाशी बसून डाव्या गालावर फक्त ब्रॉन्झर, उजव्यावर फक्त पीच ब्लश, बाकी बेस दोन्हीकडे सारखाच. दोन हात लांबून बघितलं तर डावीकडे चेहरा बारीक दिसत होता पण थकवा तसाच, उलट डोळ्याखालचं काळं गालापर्यंत उतरल्यासारखं वाटत होतं. उजवीकडे झोप झालेली दिसत होती, एवढाच फरक पण डोळ्यात भरणारा.

कारण साधं आहे. ब्रॉन्झर म्हणजे मुळात तपकिरी रंग, लाल, पिवळा आणि काळा आयर्न ऑक्साइड कमीजास्त मिसळून केलेला. थकलेल्या चेहऱ्यावर आधीच निळसर करडी छटा असते, तिच्यावर तपकिरी पडला की मातकट दिसतं. पीच किंवा कोरलमध्ये लाल-गुलाबी असतो, म्हणजे थकल्यावर गालातून जो रंग उडतो तोच आपण परत आणतो. म्हणून एकच डबी घ्यायची असेल तर माझं मत सरळ ब्लशला. फिकट पिवळट चेहऱ्याला गुलाबीकडे झुकणारा पीच बरा पडतो, नुसता केशरी कोरल घेतलात तर पिवळेपणा अजून वर येतो. आणि तो गालाच्या फुगीर भागापासून वर कानशिलाकडे न्यायचा, नाकापाशी आणला की सर्दी झाल्यासारखं दिसतं (हे पण करून झालंय).

मग ब्रॉन्झर कुणासाठी? चेहरा मानेपेक्षा पांढरा दिसतो, किंवा फाउंडेशन लावल्यावर सगळा सपाट होतो, त्यांच्यासाठी. पण शेड आपल्या रंगापेक्षा फार तर एक-दोन पायऱ्या गडद, आणि चमकी नसलेली. डबीत विटकरी दिसतंय तर फिकट चेहऱ्यावर ते केशरीच दिसणार, डबीत थोडं फिकं आणि कंटाळवाणं वाटणारं बेज-तपकिरी गालावर बरोबर बसतं. अगदी राखाडी झाक असलेलं मात्र नको, ते काँटूरचं, सावली पाडायला असतं, थकलेल्या चेहऱ्यावर अजून आजारी दिसतं. दुकानात मनगटावर लावून ठरवू नका, जबड्यापाशी लावा आणि वीसेक मिनिटांनी बाहेर उजेडात जाऊन बघा, कारण त्वचेचं तेल पावडरमध्ये मुरलं की रंग गडद होतो आणि सकाळी ठीक वाटलेलं दुपारी केशरी दिसतं.

मातकट होण्यात शेडपेक्षा लावण्याची चूक जास्त असते असं मला आता वाटतं. फाउंडेशन ओलसर असताना त्यावर पावडर ब्रॉन्झर टेकवलं की जिथे ब्रश पहिल्यांदा लागतो तिथेच चट्टा बसतो आणि मग घासून घासून खालचा बेस पण उचलला जातो. क्रीम असेल तर पावडरच्या आधी, पावडर असेल तर बेसवर हलकी पावडर मारून मग. ब्रश मोठा आणि मऊ, डबीला जेमतेम टेकवून झटकायचा, मग सुरुवात कपाळाच्या कडेला केसांपाशी करायची आणि ब्रशवर जे उरेल ते गालाच्या हाडाखाली. डोळ्याखाली अजिबात नाही. चट्टा पडलाच तर वर अजून ब्लश चढवू नका, दोन रंग मिसळून वीट होते. बेस लावलेला स्पंजच, नवीन फाउंडेशन न घेता, त्यावर हलका दाबायचा.

दोन्ही लावायचे असतील तर मी आता उलट क्रमाने जाते. आधी ब्लश, मग आरशापासून लांब जाऊन बघायचं, आणि तरी चेहरा सपाट वाटला तरच कडेला ब्रॉन्झर. नाइट शिफ्टनंतरच्या दिवशी बहुतेक वेळा ती डबी उघडावीच लागत नाही. रंग लागतो तो फक्त गालाला, आणि डोळ्याखाली आधी थोडा पीच करेक्टर, कारण ते निळं झाकलं नाही तर वर कुठलाही ब्लश लावा, लोक तेच विचारणार, "बरं नाहीये का गं?"