कट-ऑफ ठरवताना: यूडेन इंडेक्स की आधी ठरवलेली सेन्सिटिव्हिटी?

एचबीए१सी या रक्तचाचणीवरून मधुमेह ओळखायचा आणि खरं-खोटं ठरवायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेली दोन तासांची चाचणी, अशी मांडणी असली की आरओसी वक्र काढणं फार अवघड नसतं. कट-ऑफ वरून खाली आणत जायचा आणि प्रत्येक ठिकाणी किती रुग्ण सापडले, किती निरोगी उगाच अडकले हे मांडायचं. खरा पेच पुढे येतो. या वक्रावरचा कोणता बिंदू घ्यायचा? मी आधी यूडेन इंडेक्स वापरत होतो, आता बहुधा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती सापडायला हवेत ते, आधी ठरवून मग कट-ऑफ शोधतो. दोन्हींचा अनुभव सांगतो.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. २०० माणसं, त्यांपैकी ग्लुकोज चाचणीने मधुमेही ठरलेली ४०, बाकी १६०. हिशेब सोपा राहावा म्हणून तीनच कट-ऑफ पाहू. ६.३ किंवा अधिक धरलं तर २७ रुग्ण सापडतात आणि १२ निरोगी अडकतात. ६.१ ला ३१ आणि २६. ५.९ ला ३५ आणि ४४.

डब्ल्यू. जे. यूडेन यांनी १९५० मध्ये मांडलेला इंडेक्स म्हणजे सेन्सिटिव्हिटी अधिक स्पेसिफिसिटी वजा एक. स्पेसिफिसिटी म्हणजे न अडकलेल्या निरोगींचं प्रमाण. तो इथे अनुक्रमे ०.६०, ०.६१ आणि ०.६० येतो. म्हणजे ६.१ जिंकलं. आर या संगणकभाषेत हे एका ओळीत मिळतं:

```r
library(pROC)
r <- roc(ogtt, hba1c)
coords(r, "best", best.method = "youden")
```

(पडद्यावर ६.१ ऐवजी ६.०५ दिसलं तर गोंधळू नका. pROC शेजारच्या दोन मूल्यांच्या मधला आकडा देतं.)

यूडेनची बाजू खरोखर भक्कम आहे. कोणाला काही विचारावं लागत नाही, नियम आधीच ठरलेला असतो, त्यामुळे सोयीचा आकडा निवडल्याचा आरोप होत नाही. चाचणी नेमकी कशासाठी वापरायची हे ठरलेलंच नसेल, तर मीही तोच सांगेन.

माझं मन मात्र एका गोष्टीने उडालं. वरच्या उदाहरणात ६.१ आलेल्या एकाच मधुमेही माणसाचं रक्त पुन्हा तपासलं आणि ६.० आलं, असं समजा. एवढा फरक रोजच्या कामात होतोच. आता ६.१ ला ३० रुग्ण उरतात, इंडेक्स ०.५९ वर येतो, आणि ६.३ व ५.९ दोघेही ०.६० वर बरोबरीने पहिले ठरतात. २०० माणसांतल्या एकाच्या ०.१ फरकाने विजेता मधून उठून दोन्ही टोकांना गेला! वक्राचा माथा सपाट असला की हे असंच होतं. मधुमेह असलेल्या-नसलेल्यांची एचबीए१सी मूल्यं एकमेकांत बरीच मिसळलेली असतात, त्यामुळे सपाट माथा मला वरचेवर भेटला. प्रत्येक नव्या नोंदीनंतर कट-ऑफ हलायचा आणि मला त्याचं कारण सांगता यायचं नाही.

शिवाय ६.३ आणि ५.९ ही बरोबरी कागदावरचीच आहे. ६.३ ला १३ रुग्ण निसटतात, ५.९ ला ५. म्हणजे आठ निसटलेले रुग्ण आणि ३२ जादा अडकलेले निरोगी यूडेनला सारखेच. एका निसटलेल्या रुग्णाला चार खोटे इशारे. हा चारचा भाव कुठल्याही डॉक्टराने ठरवलेला नाही, तो १६० भागिले ४० मधून आला आहे. रुग्ण आणि निरोगी निम्मे-निम्मे गोळा केले असते तर हाच भाव एकास एक झाला असता.

दुसऱ्या पद्धतीत हा भाव आपणच, आकडे पाहण्याआधी ठरवतो. चाळणीत अडकलेल्यांची पुढे ग्लुकोज चाचणी होणारच असेल, तर 'निदान ८५ टक्के रुग्ण सापडले पाहिजेत' असं आधी लिहून ठेवायचं आणि ही अट पाळणारा सर्वांत वरचा कट-ऑफ घ्यायचा. आपल्या तिघांत तो ५.९ येतो: सेन्सिटिव्हिटी ८७.५ टक्के, स्पेसिफिसिटी ७२.५. त्या एका माणसाचं ६.१ चं ६.० झालं तरी हा कट-ऑफ जागचा हलत नाही. पुढची चाचणी न करता थेट निदानच करायचं असेल, तर हीच अट स्पेसिफिसिटीवर घालावी.

अर्थात ही पद्धतही निर्दोष नाही. ४० पैकी ३५ म्हणजे ८७.५ टक्के, पण ९५ टक्के विश्वासांतर साधारण ७४ ते ९५ एवढं रुंद आहे. सीमेवरचे दोन रुग्ण ५.९ च्या अगदी काठावर असतील, तर इथेही कट-ऑफ एखादी पायरी सरकू शकतो. आणि ८५ च का, ९० का नाही, यावर वाद होतोच. मला तो वाद हवासा वाटतो, कारण तो रुग्ण पाहणाऱ्यांशी होतो आणि त्यात दर वेळी एकच प्रश्न पुढे येतो: निसटलेल्या त्या पाच जणांचं पुढे काय होणार, त्यांना पुन्हा कधी तपासायचं?