एकच वीस सेकंदांचा फोटो की दहा-दहा सेकंदांचे सोळा?

रात्रीच्या आकाशाचा फोटो काढायचाय. ताऱ्यांच्या मागे कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर घ्यायचा नाही, ट्रायपॉड जमिनीवर घट्ट आणि हातात कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. तारे ठिपक्यासारखे हवे असतील तर दोनच वाटा उरतात. एक लांब एक्स्पोजर घ्यायचं, नाहीतर बरीच छोटी घेऊन घरी एकावर एक रचायची, म्हणजे स्टॅकिंग. मार्गशीर्ष अमावस्येला भंडारदऱ्याला मी दोन्ही करून पाहिलं. आठ-साडेआठच्या सुमारास मृग नक्षत्र पूर्वेला वर आलं होतं, खाली डोंगराची काळी कड. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा; लेन्स १८ मिमीवर, अ‍ॅपर्चर f/3.5.

आधी वेळेचा हिशोब. सगळे ५०० चा नियम सांगतात: ५०० ला फोकल लेंग्थने भागा, क्रॉप सेन्सर असेल तर आधी तिला दीडने गुणा; येईल तेवढे सेकंद तारे ठिपकेच राहतात. माझ्यासाठी ५०० भागिले २७, म्हणजे साडेअठरा सेकंद. हा नियम फिल्मच्या काळात ठीक होता, आजच्या बारीक पिक्सेलपुढे तो फार उदार ठरतो. आकाश दर सेकंदाला १५ विकला, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाच्या पंधरा पट, सरकतं आणि माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ४५ विकलांचा आहे. वीस सेकंदांत तारा सुमारे पावणेसात पिक्सेल ओढला जातो, दहा सेकंदांत साडेतीनच्या आत. त्यात मृगातला त्रिकांड बाण नेमका खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ, म्हणजे तारे सर्वात वेगाने सरकतात तिथेच. ध्रुवाच्या बाजूला कॅमेरा वळवलात तर तेच वीस सेकंद निर्धास्तपणे चालतील.

वीस सेकंदांचा फोटो आयएसओ ३२०० ला घेतला. मोबाइलवर तो सुरेख दिसतो. सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो दोन हजारांवर आणला की ओढलेला तारा जेमतेम दोन पिक्सेलचा उरतो. पण १२ बाय १८ इंची प्रिंटवर तीच रेघ अर्ध्या मिलिमीटरची होते, आणि बाणाचे तीन तारे तीन तांदळाचे दाणे दिसतात. फोटो फक्त पाठवायचे, पोस्ट करायचे असतील तर एकच लांब एक्स्पोजर घ्या आणि जेवायला जा. प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेकांना एवढं पुरतं.

दुसऱ्या वाटेला दहा सेकंद, आयएसओ ६४००, सलग सोळा रॉ फाइल्स. एकेक फोटो उघडून पाहिला तर निराशाच होते, इतका नॉइज, म्हणजे रवाळ खरखर. पण एकूण प्रकाश १६० सेकंदांचा, म्हणजे आठपट. त्यामुळे रचल्यावर नॉइज वीस सेकंदांच्या फोटोपेक्षा जवळपास पावणेतीन पट कमी दिसतो. विंडोजवर Sequator हे काम फुकटात करतं: तारे जुळवून घेतं आणि Freeze ground निवडलं की डोंगर वेगळा, न हलवता रचतं. मध्येच विमान गेलं तरी तेही गाळता येतं.

नॉइज रिडक्शनची गल्लत इथेच होते. मेनूतलं Long Exposure NR फोटो झाल्यावर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळेचा काळा फोटो घेतं आणि वजा करतं. वीस सेकंदांचे चाळीस होतात. त्याने हॉट पिक्सेल, म्हणजे ठरावीक जागी चमकणारे लाल-निळे ठिपके जातात. आकाशभर पसरलेली रवाळ खरखर मात्र तशीच राहते. एकच फोटो घेणार असाल तर ते चालू ठेवा. सोळा घेणार असाल तर बंद, नाहीतर अर्धा वेळ कॅमेरा अंधारच टिपत बसेल.

मी ते बंद केलं, पण त्याची भरपाई करायला विसरलो. घरी रचलेल्या फोटोत तारे छान गोल, आणि त्यांच्यामधून लाल-निळ्या बारीक ठिपक्यांच्या माळा, सगळ्या एकाच दिशेने. सेन्सरवरचा हॉट पिक्सेल जागचा हलत नाही. सॉफ्टवेअर तारे जुळवायला प्रत्येक फोटो थोडा सरकवतं, तेव्हा तोच एक ठिपका सोळा जागी उमटतो. उपाय तिथेच करायचा असतो: शूट संपल्यावर लगेच लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओवर, त्याच दहा सेकंदांचे आठ-दहा काळे फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरला डार्क फ्रेम म्हणून द्यायचे. दुसऱ्या दिवशी घरात घेऊन नीट जमत नाही, कारण सेन्सरचं तापमान बदललेलं असतं.

स्टॅकिंग एका ठिकाणी हरतं. क्षितिजावर वाऱ्याने हलणारी झाडं असली तर Freeze ground ची सीमा फांद्यांमध्ये गोंधळते आणि कडेला पुसट पट्टा उमटतो. अशा जागी मी १३ सेकंदांचा एकच फोटो घेतो आणि थोडी खरखर चालवून घेतो.