तीन बॅटऱ्या, तीन चार्जर: दिवाळीपासून वैशाखापर्यंतचा अनुभव

अमळनेरच्या आसपास पत्र्याचे शेड, शेतातली गेटं आणि गोठ्याचे सांगाडे उभारायचं आमचं काम. अर्ध्या साइटवर लाइट नसते, असली तरी शेतीच्या फीडरला ती बऱ्याचदा रात्रीच येते. म्हणून दिवाळीनंतर आम्ही हळूहळू बॅटरीच्या मशिनींवर आलो. आज आमच्याकडे एका मोठ्या कंपनीचं १८ व्होल्टचं ड्रिल आणि छोटा ग्राइंडर आहे, दुसऱ्या कंपनीचा १८ व्होल्टचाच नट-बोल्ट आवळायचा इम्पॅक्ट आहे, आणि बिननावाचं १२ व्होल्टचं लहान ड्रिल आहे. मशिनींबद्दल तक्रार नाही. पत्र्याचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू दिवसभर मारले तरी ड्रिल दमत नाही. वैताग आहे तो बॅटऱ्यांचा. एका मशिनीची दुसरीला चालत नाही आणि साइटवर येणारा प्रत्येक जण विचारतो, का चालत नाही?

आधी स्टिकरवरच्या आकड्याचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आत लिथियमचे सेल असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल एकामागे एक जोडले की सरासरी १८ आणि पूर्ण भरल्यावर २१. म्हणजे एक कंपनी १८ लिहिते, दुसरी २० मॅक्स लिहिते, ऑनलाइनवाला २१ लिहितो, आणि तिघांच्या डब्यात सेल पाचच. बिननावाच्या मालावर तर ४८ किंवा ८८ सुद्धा छापलेलं असतं. अशी एक ४८ वाली बॅटरी एका गिऱ्हाइकाकडे मी मीटर लावून बघितली. पूर्ण चार्ज असताना २०.७ दाखवत होती. तिथेही पाचच सेल. १०.८ आणि १२ व्होल्टचंही तसंच, दोन्हींत तीन सेल. म्हणून मी आता व्होल्ट विचारत नाही, सेल किती ते विचारतो.

मग पाच सेलवाल्या सगळ्या एकमेकांत का चालू नयेत? खाचा वेगळ्या असतात हे खरं, पण तेवढ्यावर थांबत नाही. खाचा जुळवणारी प्लॅस्टिकची अडॅप्टर पट्टी ऑनलाइन सहज मिळते. आमच्या साथीदाराने ती मागवली आणि ड्रिलची बॅटरी इम्पॅक्टला लावली. इम्पॅक्ट झकास चालला. काही आठवडे सगळे खूश होते. मग एका संध्याकाळी ती बॅटरी तिच्याच मूळ चार्जरवर ठेवली तर चार्जर घेईना, नुसता लाल दिवा मिचकावत बसला.

मीटर लावला: ११.४ व्होल्ट. पाचांनी भागा, सेलमागे २.३ सुद्धा नाही. लिथियमचा सेल साधारण अडीच ते तीन व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नसतो. मग ही एवढी खाली उतरली कशी, आणि तिला कोणी थांबवलं का नाही?

उत्तर बॅटरीच्या तोंडाशी दिसतं. आमच्या ड्रिलच्या बॅटरीला अधिक आणि उणे या दोन जाड पट्ट्यांशिवाय आणखी बारीक पट्ट्या आहेत. काही प्रत्येक सेलचा दाब बाहेर कळवतात, एक तापमान कळवते. या कंपनीच्या रचनेत बॅटरी रिकामी होत आली की करंट तोडायचं काम बॅटरी करत नाही, मशीन करतं. मशिनीतला सर्किट बोर्ड दाब बघतो आणि ठरलेल्या आकड्याला मोटर बंद पाडतो. दुसऱ्या काही कंपन्यांनी उलट केलंय: तोडणारा बोर्ड बॅटरीच्या डब्यातच बसवलाय, त्यामुळे मशीन बिनधास्त असतं. आमचा इम्पॅक्ट या दुसऱ्या जातीचा. त्याला वाटलं बॅटरी थांबवेल, बॅटरीला वाटलं मशीन थांबवेल. मधल्या अडॅप्टर पट्टीने फक्त अधिक आणि उणे पुढे नेले, बारीक पट्ट्या तिच्यात जोडलेल्याच नव्हत्या. ब्रेक कोणाच्याच पायाखाली नव्हता.

हे चालताना कळत नाही, हीच पंचाईत. बॅटरी संपत आली की मूळ मशीन झटक्यात थांबतं. अडॅप्टरवर मात्र मशीन हळूहळू मंदावतं, आवाज उतरतो, आणि आपण "अजून दोन बोल्ट" म्हणत ट्रिगर दाबून धरतो. त्या मंदावलेल्या दोन बोल्टांतच सेल मरतात. शिवाय बॅटरी रात्रभर पट्टीसकट मशिनीवर राहिली तर काही मशिनींचा बोर्ड थोडा थोडा करंट ओढत राहतो.

यूट्यूबवर यावर इलाज सापडतो: दुसऱ्या भरलेल्या बॅटरीच्या वायरी टेकवून दाब वर आणायचा, मग चार्जर तिला ओळखतो. आमचा साथीदार ते करायला निघाला होता, मी करू दिलं नाही. सेल फार खाली गेला की त्याच्या आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्जर नाही म्हणतो तो उगाच म्हणत नाही. ती बॅटरी आम्ही बाद केली. पट्टीच्या किमतीच्या कितीतरी पट नुकसान झालं.

आता चार्जर. खान्देशात हा विषय जास्त नाजूक आहे, कारण इथे घरोघरी कापसाचा फवारणी पंप आहे आणि त्याचा चार्जरही आहे. पंपावर १२ व्होल्ट लिहिलेलं, आमच्या लहान ड्रिलवरही १२ व्होल्ट लिहिलेलं, दोन्हीकडे गोल पिन. एका शेतात ड्रिल संपलं तेव्हा शेतमालक नाना पंपाचा चार्जर घेऊनच आले. "हाई बी बारा नी ती बी बारा, मंग काय फरक पडस?"

मी त्यांच्यासमोरच मीटर लावला. नानांच्या पंपात शिसे-आम्लाची बॅटरी होती, स्कूटरच्या बॅटरीच्या जातीची. तिला भरायला साडेबाराहून बराच जास्त दाब लागतो. नानांच्या चार्जरने १४.४ दाखवले. आमच्या ड्रिलच्या चार्जरने १२.६. फरक दोन व्होल्टसुद्धा नाही, म्हणजे किरकोळ वाटतो. पण ड्रिलमध्ये लिथियमचे तीन सेल. १४.४ ला तिनाने भागा, सेलमागे ४.८. थांबायचं होतं ४.२ ला. जादा भरलेला लिथियम सेल तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. पिन बसली म्हणजे चार्जर चालला असं होत नाही. २१ व्होल्टचा चार्जरही त्याच गोल पिनेचा मिळतो. तो या ड्रिलला लावला तर सेलमागे ७ होतील.

नानांचा पुढचा प्रश्न रास्त होता: आत संरक्षणाचा बोर्ड असतो ना? असतो, बऱ्याचशा डब्यांत. सेल साधारण सव्वाचारच्या वर गेला की तो तोडतो. पण तो अपघातासाठी ठेवलेला शेवटचा आधार आहे. रोजचं थांबणं चार्जरनेच करायचं असतं. स्वस्त डब्यात तो बोर्ड आहे की नाही हे डबा फोडल्याशिवाय कळतही नाही.

आणि स्वस्त चार्जरच्या हिरव्या दिव्यावर तर विश्वास ठेवूच नका. तो दिवा बॅटरी भरली की नाही हे बघतच नाही. करंट कमी झाला की हिरवा होतो, एवढंच. बोर्डाने वैतागून तोडलं तरी करंट शून्य, दिवा हिरवा. उलट बाजूने, पाच सेलच्या बॅटरीला १२.६ चा चार्जर जोडला तर बॅटरीचाच दाब जास्त असतो, आत काही जातच नाही, आणि दिवा पहिल्या क्षणापासून हिरवा. आपण समजतो भरली.

मूळ चार्जरची खरी किंमत मला एप्रिल-मेमध्ये कळली. आपल्याकडे पारा ४३-४४ च्या पुढे सहज जातो आणि पत्र्यावर ठेवलेली बॅटरी त्याहून जास्त तापते. लिथियमला साधारण ४० ते ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं कंपन्याच लिहितात. दुपारी ड्रिलची बॅटरी चार्जरवर ठेवली की तो "गरम आहे, थांबा" असा दिवा लावून गप्प बसायचा. सुरुवातीला पोरं चिडायची, चार्जर खराब म्हणायची. आत एक उष्णतेने बदलणारा रेझिस्टर असतो. चार्जर त्या बारीक पट्टीतून त्याचं मोजमाप घेतो आणि बॅटरी निवली की आपोआप सुरू होतो. दुसऱ्या कंपनीच्या रेझिस्टरचं माप वेगळं असलं, तर तेच वाचन चार्जरला भलतंच तापमान सांगेल. आणि दोन तारांच्या गोल पिनेतून तापमान जाणारच कुठून? ते लहान ड्रिल भर दुपारी कितीही तापलेलं असलं तरी त्याचा चार्जर मुकाट भरत राहतो. म्हणून आम्ही ते आता फक्त रात्री, माणूस जागा असताना चार्ज करतो.

एकाच नावाखाली सगळं चालतं असंही समजू नका. बॉशची निळी आणि हिरवी, दोन्ही १८ व्होल्टच्या, पण एकमेकांत बसत नाहीत. मकिताची ४० व्होल्टची बॅटरी त्यांच्याच १८ च्या मशिनीला जात नाही. उलट बाजूची उदाहरणंही आहेत: मेटाबोने २०१८ मध्ये काही कंपन्यांना घेऊन एकच बॅटरी सगळ्यांना चालेल अशी जोडणी उभी केली. काही कंपन्यांचा एकच चार्जर १४.४ आणि १८ दोन्ही भरतो. तिथे चालतं, कारण समोर कोणती बॅटरी आहे हे चार्जर त्या बारीक पट्ट्यांतून ओळखतो.

सध्या आमची व्यवस्था अशी: तीन सेलच्या चार्जरला लाल टेप, पाच सेलच्यांना पिवळी, आणि तीच टेप त्या त्या बॅटरीवर. पंपाचा चार्जर गाडीत घ्यायचाच नाही. इम्पॅक्ट विकायला काढलाय आणि त्याच्या जागी ड्रिलच्याच कंपनीचा, बॅटरीशिवाय नुसती बॉडी मिळते तो घेणार आहे. दुकानदार ३६ व्होल्टच्या मोठ्या ग्राइंडरचा आग्रह धरतोय. मशीन आवडलं. पण त्याची बॅटरी दहा सेलची, चार्जर वेगळा, आणि आमच्या जवळच्या एकाही बॅटरीचा त्याला उपयोग नाही. तेव्हा मोठा ग्राइंडर अजून वायरचा आणि जनरेटरवरच चालतोय.