औषधांचा तक्ता की लायपोप्रोटीनचा नकाशा?

वैद्यकीय अभ्यासक्रमात लायपोप्रोटीनचा, म्हणजे रक्तातून मेद वाहून नेणाऱ्या कणांचा, चयापचय पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्रात येतो आणि रक्तातील मेद कमी करणारी औषधे दुसऱ्या वर्षी औषधशास्त्रात येतात, त्यामुळे बहुतेकांच्या दोन वह्या होतात आणि त्यांची एकमेकींशी ओळख राहत नाही. दुसऱ्या वर्षी रत्नागिरीतल्या भाड्याच्या खोलीत, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी दोन्ही पद्धतींनी अभ्यास करून पाहिला. एक पद्धत म्हणजे गटवार औषधांचा तक्ता. दुसरी म्हणजे आतडे, रक्तवाहिनी आणि यकृत एका मोठ्या कागदावर काढून प्रत्येक औषध ते काम करते त्या ठिकाणी लिहिणे.

तक्त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. स्टॅटिनमुळे स्नायू दुखतात, नियासिनमुळे चेहरा तापून लाल होतो, या गोष्टी तक्त्यातूनच लवकर पाठ होतात. माझा त्याच्याशी खटका उडाला तो एकाच ओळीवरून: ‘कोलेस्टिरामाइन: ट्रायग्लिसराइड वाढलेले असल्यास टाळावे.’ ही ओळ मी कितीदा लिहिली याची गणती नाही आणि तितक्याच वेळा विसरलो. शेवटी सराव तोंडी परीक्षेत ट्रायग्लिसराइड भरमसाट वाढलेल्या रुग्णाला मी तेच औषध देऊन मोकळा झालो.

नकाशावर ती ओळ पाठ करावीच लागत नाही. आतड्यातून यकृतात परत येणारी पित्ताम्ले तिथल्या एफएक्सआर या ग्राहकाला जागे करतात आणि त्यातून यकृताला दोन सूचना मिळतात: नवी पित्ताम्ले कमी बनव आणि व्हीएलडीएलसाठी ट्रायग्लिसराइडही कमी बनव. कोलेस्टिरामाइन पित्ताम्लांना आतड्यातच बांधून ठेवते, म्हणून दोन्ही सूचना क्षीण होतात. पहिली क्षीण झाल्याने कोलेस्टेरॉल पित्ताम्लांसाठी खर्ची पडते, यकृतपेशीत त्याचा तुटवडा होतो आणि ती पेशी एलडीएल ग्राहक वाढवून रक्तातील एलडीएल ओढून घेते. दुसरी क्षीण झाल्याने ट्रायग्लिसराइड वाढते. औषधाचा गुण आणि दोष एकाच बाणावर दिसतात.

त्या सराव परीक्षेतला रुग्ण पुन्हा पाहू. वय ४५, मधुमेह आटोक्यात नाही, कोपरांवर पिवळसर पुटकुळ्या. उपाशीपोटी एकूण कोलेस्टेरॉल ३४०, एचडीएल २८ आणि ट्रायग्लिसराइड १६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. नेहमीच्या फ्रीडवाल्ड सूत्राने एलडीएल काढायचे तर १६०० ला ५ ने भागून आलेले ३२० आणि एचडीएलचे २८, असे दोन्ही ३४० मधून वजा करावे लागतात आणि उत्तर येते उणे ८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र वापरू नये, याचा यापेक्षा ठळक पुरावा मला मिळाला नाही. सीरम रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर नारळाच्या दुधासारखा वर दाट थर आला आणि खालचा भागही गढूळच राहिला. वरचा थर कायलोमायक्रॉनचा, खालचा गढूळपणा व्हीएलडीएलचा.

आता नकाशावर बोट ठेवावे. हे दोन्ही कण ट्रायग्लिसराइड फोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराच्या एकाच दारातून जातात. इन्सुलिनचा परिणाम कमी पडल्याने यकृतातून व्हीएलडीएल जास्त येते आणि दारही अर्धवट मिटते. फेनोफायब्रेट पीपीएआर-अल्फामार्फत हे लायपेज वाढवते आणि त्याला अडवणारे एपोसी-३ कमी करते. म्हणून स्वादुपिंडदाहाचा धोका टाळण्यासाठी साखर आटोक्यात आणणे, मद्य बंद, आहारातील मेद अगदी कमी आणि फेनोफायब्रेट, हा क्रम येतो. एलडीएलचा विचार त्यानंतर. हेच लायपेज जन्मतःच नसते तर फायब्रेटला वाढवायला काही उरलेच नसते. अशा रुग्णाला मध्यम साखळीचे मेद चालतात, कारण ते कायलोमायक्रॉनमध्ये न शिरता थेट यकृतात जातात. आपल्याकडे यावर कोणीतरी हमखास खोबरेल तेल सुचवतो, पण त्यातील सुमारे निम्मा भाग असलेले लॉरिक आम्ल बहुतांशी कायलोमायक्रॉनच्याच वाटेने जाते.

नकाशा काढायला मला जवळजवळ चार दिवस लागले, हे कबूल करायला हवे. परीक्षा परवावर आली असेल तर तक्ताच बरा, असे मी म्हणेन. दोन आठवडे हाती असतील तर मात्र आधी नकाशा काढावा आणि तक्त्यातले त्याच्या समासात उतरवावे, असे मला वाटते. कारण काही गोष्टी नकाशावर बसतच नाहीत. जेमफायब्रोझिल आणि स्टॅटिन एकत्र दिल्यास स्नायूंना इजा होते ती स्टॅटिनचा निचरा अडल्यामुळे, लायपोप्रोटीनच्या वाटेवर काही घडल्यामुळे नव्हे. माझ्या कागदावर ही ओळ समासात लाल शाईने आहे आणि ती मला आजही पाठच करावी लागते.