पाच महिने एकच उतारा ऐकतोय: स्पीच अॅक्सेंट आर्काइव्हचा अनुभव

आमच्या टीममध्ये न्यूझीलंडची एक बाई आली आणि माझे कॉल अवघड झाले. एकदा ती म्हणाली कागद 'डिस्क'वर आहे, मी तासभर ड्राइव्हवर शोधत बसलो, आणि कागद होता तिच्या डेस्कवर. तेव्हापासून accent.gmu.edu वापरतोय. जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीचं फुकट आर्काइव्ह आहे, जगभरचे लोक तिथे एकच ६९ शब्दांचा उतारा वाचतात, आणि खरी मजा त्यातच आहे, कारण शब्द तेच असल्यामुळे कानाला फक्त उच्चारातला फरक पकडायचा असतो.

पहिले पंधरा दिवस मी चुकलो. एकच क्लिप रोज ऐकत होतो, ती पाठ झाली, पण कॉलवर काहीच फरक नाही, म्हणजे मला तो माणूस कळायला लागला होता, अॅक्सेंट नाही. मग रोज त्याच देशाचे तीन-चार वेगवेगळे आवाज, आधी न बघता, मग मजकूर समोर ठेवून. उताऱ्यात शेवटी 'थ्री रेड बॅग्ज' आहे, ते मला 'रिड बेग्ज' ऐकू यायचं आणि 'सिक्स'चं जवळजवळ 'सक्स'. चार आवाजांत तेच दिसल्यावर डोक्यात बसलं की हे स्वर एकमेकांना ढकलत पुढे सरकलेत: 'अॅ' गेला 'ए'च्या जागी, 'ए' गेला 'इ'कडे, आणि 'इ' बिचारा 'अ'सारखा झाला. म्हणजे तिला खरंच डिस्क म्हणायचं असतं तर मला 'डस्क'सारखं काहीतरी ऐकू आलं असतं! हे कळल्यावर मी अंदाज लावणं सोडलं आणि उलटं मोजायला लागलो, 'टिन' ऐकलं की आधी 'टेन' धरायचं. साधारण दोन महिन्यांनी हे मोजणं आपोआप व्हायला लागलं.

स्पीड कमी करून बघितला, फारसा उपयोग नाही, स्वर तेच राहतात आणि बोलण्याची लय मात्र बिघडते, त्यापेक्षा तीच ओळ परत लावलेली बरी.

आता उणीव. हे सगळं वाचन आहे, गप्पा नाहीत. माणसं वाचताना शब्द सुटे सुटे म्हणतात, बोलताना अर्धे गिळतात. शिवाय उतारा पाठ झाला की कान ऐकतोय की आठवण बोलतेय हे कळत नाही. म्हणून तिसऱ्या महिन्यापासून न्यूझीलंडच्या रेडिओच्या मुलाखती लावतो, एक मिनिट ऐकून जे कळलं ते लिहायचं, मग परत ऐकून चुकलेले शब्द तपासायचे. माझ्या चुका बहुतेक त्याच तीन स्वरांच्या निघाल्या, त्या कमी होत गेल्या. 'इयर' आणि 'एअर' मात्र तिथले बरेच लोक सारखेच म्हणतात, तिथे कान कितीही तयार असला तरी पुढचा-मागचा संदर्भच बघावा लागतो, किंवा सरळ विचारायचं, मी विचारतो.

गेल्या आठवड्यात टीममध्ये दुसरा एक न्यूझीलंडचा माणूस आला, आवाज पूर्ण वेगळा, खूप भरभर बोलतो. पहिल्याच कॉलला त्याने सांगितलेले सगळे नंबर मी एकदाही न विचारता बरोबर लिहिले.