गिंबल दुरुस्तीला, झटका मात्र जागेवरच: रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीवर वर्षभर घरं-दुकानं कापल्यानंतर

फोन स्थिर धरणाऱ्या गिंबलच्या मोटरने मान टाकली म्हणून तो सर्व्हिसला दिला. त्यांनी तो बरेच दिवस ठेवून घेतला आणि ‘तुमचा फोन जड आहे’ असा शेरा मारून जसाच्या तसा परत केला. खोक्यावर छापलेल्या वजनमर्यादेत माझा फोन आरामात बसतो, हे त्यांना फोटो काढून पाठवलं, तर उत्तरात पुन्हा तोच शेरा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा अनुभव गिंबलचा नाही. तो नसताना हातात फोन धरून घरं-दुकानांच्या काही व्हिडिओ टूर शूट कराव्या लागल्या आणि त्यातून जे कळलं, त्यामुळे डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरबद्दलचं माझं मत बदललं.

आधी मत काय होतं ते सांगतो. चार महिन्यांपूर्वी विचारलं असतं, तर म्हटलं असतं की घराच्या टूरसाठी एवढं मोठं सॉफ्टवेअर म्हणजे उगाच लॅपटॉपला ताप. कट मारायचे, वेग थोडा वाढवायचा, संगीत टाकायचं, एवढंच तर काम. तेवढं फोनवरचं कोणतंही ॲप करतं.

पण ग्राहकांची एक तक्रार जात नव्हती: ‘व्हिडिओ दारात झटका खातो.’ मी प्रत्येक वेळी गिंबलकडे बोट दाखवायचो. मग गिंबलच घरात नव्हता तेव्हा हाताने शूट करून रिझॉल्व्हच्या स्टॅबिलायझरमधून काढलेल्या टूरवरही नेमकी हीच तक्रार आली, तीही नेमकी दारातच. चालण्याची हलकी लय कोणाला खटकत नव्हती. खटकत होती ती दारात एकदम बदलणारी उजेडाची पातळी. अंधाऱ्या पॅसेजमधून खिडकीच्या खोलीत शिरताना फोनचं ऑटो एक्स्पोजर आधी सगळं पांढरंफटक करतं आणि मग सेकंदभरात खाली ओढतं. बघणारा त्याला झटका म्हणतो. कॅमेरा हलला की उजेड हलला, हे वेगळं ओळखायचं काही त्याच्यावर बंधन नाही.

स्टॅबिलायझरचं दोन ओळीत उरकतो. Perspective मोडमध्ये वाइड लेन्सवर भिंतींचे कोपरे जेलीसारखे डुलतात, म्हणून घरांसाठी Similarity किंवा Translation. फ्रेम थोडी कापली जाणार हे धरूनच शूट करायचं. आणि हातात फोन असेल तर शटर 1/50 ऐवजी 1/100 ठेवायचं, कारण पावलाच्या हादऱ्याने चित्र एकदा फरफटलं की चौकट स्थिर करूनही ती फरफट तशीच राहते. 50 हर्ट्झच्या विजेवर 1/100 ला दिवे सहसा लुकलुकत नाहीत. 60 हर्ट्झची वीज असेल तर 1/120.

आता दार.

सगळीकडे पहिला सल्ला मिळतो तो एक्स्पोजर लॉक करण्याचा. बरोबर आहे, पण अर्धाच. पॅसेजवर लॉक केलं तर स्वयंपाकघर जळतं, स्वयंपाकघरावर लॉक केलं तर पॅसेज म्हणजे बोगदा. दोन्हींच्या मध्ये लॉक केलं तर दोन्ही खोल्या सारख्याच नाराज. शिवाय फोनचं मूळ कॅमेरा ॲप लॉक केल्यावरही चित्राच्या उजळ-गडद भागांवर आपली हुशारी चालवत राहतं, त्यामुळे भिंत स्थिर राहीलच याची खात्री नाही. मी फुकट मिळणारं ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲप वापरतो. त्यात शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने बांधता येतात. एचडीआर बंद, 25 फ्रेम.

माझी सध्याची पद्धत एका खऱ्या जागेवरून सांगतो. लांबट पॅसेज, त्याच्या टोकाला स्वयंपाकघर आणि त्यात मोठी खिडकी. शटर दोन्हीकडे सारखंच ठेवलं. स्वयंपाकघर नीट दिसायला आयएसओ 100 पुरत होता, पॅसेजला 400 लागत होता. उजेडाची दर दुप्पट म्हणजे एक स्टॉप, म्हणजे इथे दोन स्टॉपचा फरक. इथे पॅसेज 400 वर घेतला तर दारातून दिसणारं स्वयंपाकघर पूर्ण पांढरं होतं, आणि एकदा पांढरं झालेलं सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. खाली ओढलं तर तिथे तपशील येत नाही, फक्त राखाडी डाग येतो. म्हणून पॅसेज मुद्दाम एक स्टॉप कमी, 200 वर घेतला. एक स्टॉप नंतर उचलता येतो. दोन उचलायला गेलं तर 8 बिटच्या फोन फूटेजमध्ये कोपऱ्यांत दाणे नाचायला लागतात आणि भिंतीवर पट्टे दिसतात.

शूट दोन तुकड्यांत. पहिला तुकडा पॅसेजच्या सेटिंगवर, पण दारात न थांबता दोन पावलं स्वयंपाकघरात जाऊन संपवायचा. दुसरा स्वयंपाकघराच्या सेटिंगवर, पण सुरुवात दाराच्या दोन पावलं आधीपासून. उंची तीच, चाल तीच, रोख तोच. दोन्ही तुकड्यांत दाराजवळचं अंतर दोनदा येतं, आणि कट त्याच पट्ट्यात बसतो: ज्या फ्रेमला दाराची चौकट कडेने बाहेर जाते, तिथे. त्या क्षणी दोन्ही तुकड्यांत फक्त स्वयंपाकघर दिसत असतं. इथे क्रॉस डिझॉल्व्ह टाकायचा मोह होतो. टाकू नका. चालत्या चित्रात दोन खिडक्या एकमेकींवर तरंगताना दिसतात.

यानंतर Color पानावर वेव्हफॉर्म, म्हणजे चित्राच्या उजेडाचा आलेख, उघडायचा. रिझॉल्व्हमध्ये तो 0 ते 1023 दाखवतो. पूर्ण फ्रेमची सरासरी बघायची नाही, कारण खिडकी आत-बाहेर झाली की ती वेडीवाकडी हलते. दोन्ही तुकड्यांत दिसणारी एकच वस्तू धरायची. मी स्वयंपाकघराची खिडकीसमोरची भिंत धरली. दुसऱ्या तुकड्यात ती 640 च्या आसपास होती. पहिल्या तुकड्यात, म्हणजे पॅसेजमधून बघताना, तीच भिंत 875 च्या आसपास. एका स्टॉपचा फरक, 2.2 गॅमा धरला तर कागदावर सुमारे 1.37 पट येतो, आणि 640 गुणिले 1.37 म्हणजे 877. फोन स्वतःचाही कर्व्ह लावतो, त्यामुळे प्रत्येक वेळी हिशोब इतका गोड जुळत नाही. म्हणून आकडा सुरुवातीला धरायचा आणि शेवट वेव्हफॉर्म बघून करायचा.

पहिल्या तुकड्यावर दोन नोड, म्हणजे दुरुस्तीचे दोन टप्पे. पहिल्या नोडवर चालत्या चित्रात काही बदलत न्यायचं नाही, तिथे फक्त रंगाची मूळ दुरुस्ती. दुसऱ्यावर पॅसेज उचलण्यासाठी Gamma, म्हणजे मधल्या छटांचा उजेड, वर घ्यायचा. पॅसेजची भिंत 330 वरून 450 ला आली तिथे मी थांबलो. 640 पर्यंत नेली नाही, आणि नेऊही नये. पॅसेज स्वयंपाकघराइतकाच उजळ केला की घर खोटं वाटतं, आणि जागा बघायला येणारा माणूस दारात पाय ठेवताच ते बोलून दाखवतो. खोल्यांमध्ये फरक राहू द्यायचा. तो फरक एका फ्रेममध्ये उडी मारून येऊ नये, एवढंच बघायचं.

मग याच दुसऱ्या नोडवर कीफ्रेम, म्हणजे ठरावीक फ्रेमला ठरावीक आकडा बांधणाऱ्या खुणा. दाराचं उघडं तोंड फ्रेमचा साधारण तिसरा भाग व्यापतं तिथे पहिली, आणि कटच्या आधीच्या फ्रेमवर दुसरी. माझ्या चालीने मध्ये एक सेकंद जातो, म्हणजे 25 फ्रेम. एवढ्या वेळात Gamma परत शून्यावर आणि Gain, म्हणजे उजेडाचा गुणक, 1 वरून 0.73 वर. 877 गुणिले 0.73 म्हणजे 640. कटच्या अलीकडे 640, पलीकडे 640. पॅसेजची भिंत या वेळात बरीच गडद होते, पण तोपर्यंत ती फ्रेमबाहेर सरकलेली असते आणि कोणाचं लक्षही जात नाही. हा उतार दहा-बारा फ्रेममध्ये उरकला तर पुन्हा झटक्यासारखाच दिसतो. दोन सेकंदांवर ताणला तर दार येण्याआधीच कोणीतरी दिवा मंद केल्यासारखं वाटतं.

जुळलं की नाही हे डोळ्यावर सोडू नका. पहिल्या तुकड्याच्या शेवटच्या फ्रेमवर उजवी कळ दाबून Grab Still, मग दुसऱ्या तुकड्याची पहिली फ्रेम उघडून त्यावर वाइप, म्हणजे दोन्ही चित्रं अर्धी-अर्धी शेजारी दिसतात. भिंतीवर मधली रेघ दिसली तर जुळलेलं नाही. हे एकदा केलं आणि मी या सॉफ्टवेअरला तापदायक म्हणणं सोडलं. आधी कट आणि वेग पक्का करायचा, रंगाला हात सगळ्यात शेवटी. नाहीतर दार दोन फ्रेम सरकलं की उतार पुन्हा बसवायचा.

पांढऱ्या रंगाचंही असंच: पॅसेजमधला पिवळा दिवा 2700 केल्व्हिन आणि खिडकीचा उजेड त्याच्या दुपटीच्या वर. मी दोन्हीकडे एकच आकडा बांधतो, पॅसेज थोडा पिवळा राहू देतो, आणि याच कीफ्रेमवर तोही सरकवतो. वेगळं काही करत नाही.

पैशांच्या बाबतीत. Deflicker आणि नॉइज रिडक्शन फुकट आवृत्तीत नाहीत. लावले तर चित्रावर शिक्का उमटतो. Deflicker घेऊन दारातला झटका जाईल या आशेवर कोणी पैसे मोजणार असेल, तर थांबा. ते दिव्याची भरभर लुकलुक दाबण्यासाठी आहे. सेकंदभर सावकाश वरखाली होणाऱ्या एक्स्पोजरवर त्याच्या भरवशावर राहू नये. नॉइज रिडक्शन मात्र खरंच कामाचं आहे, पण पॅसेज एकच स्टॉप कमी घेतला तर त्याची गरज पडत नाही. मी पैशांची आवृत्ती अजून घेतलेली नाही.

आधीच ऑटोवर घेतलेल्या फूटेजसाठी याच कीफ्रेम उलट्या लावता येतात, पण फोन कधी आधी वेगात आणि मग हळू उतरतो, त्यामुळे एका दारासाठी पाच-सहा कीफ्रेम बसवत बसावं लागतं. मालक पुन्हा आत घेत असेल तर पुन्हा शूट करणं स्वस्त पडतं.

दुकानाच्या काचेच्या दारावर हे काही चालत नाही. बाहेर ऊन, आत दिवे, फरक सात-आठ स्टॉपचा. दीड-दोन स्टॉपच्या वर हा उतार ताणला की चित्र फाटतं. तिथे मी दाराच्या मुठीवर जवळ जातो, इतकं की फ्रेममध्ये फक्त मूठ आणि दाराची फळी उरते, आणि कट तिथेच मारतो. आतला तुकडा त्याच फळीच्या आतल्या बाजूवरून सुरू करतो, आतल्या सेटिंगवर. दार पूर्ण काचेचं असेल तर बाजूचा खांब किंवा दुकानाच्या शटरची पट्टी कॅमेऱ्याच्या अगदी जवळून जाऊ देतो. तेही नसेल तर बाहेरची पाटी दाखवून सरळ कट, आणि आतलं दुकान पहिल्या फ्रेमपासून आपल्या उजेडात.